महिनाभर रोज आलेल्या मुलीपुढेही ‘कमी’ लागतंय – हजेरीच्या तक्त्याचं सूत्र कुठे चुकतंय?

नववी_ब_पूर्वभाग
नमस्कार. मी सोलापुरात अशोक चौकाजवळच्या एका माध्यमिक शाळेत नववीची वर्गशिक्षिका आहे. पट ४२. कॅटलॉग हातानेच भरते, पण या वर्षी मुख्याध्यापकांनी महिनाअखेरचा तक्ता संगणकावर मागितलाय. त्यात प्रत्येकाची टक्केवारी हवी आणि ७५ टक्क्यांच्या खाली असलेल्यांपुढे खूण हवी. त्या यादीवरून पालकांना बोलावणार आहेत.

तक्ता असा केलाय. A मध्ये हजेरी क्रमांक, B मध्ये नाव, C ते AG मध्ये १ ते ३१ तारखा. हजर असेल तर P, गैरहजर असेल तर A, सुट्टीला ‘सु’. मुलांची नावं चौथ्या ओळीपासून सुरू होतात. AJ मध्ये टक्के आणि AK मध्ये शेरा.

```
=COUNTIF(C4:AG4,"P")/31
=IF(AJ4<75%,"कमी","")
```

जानेवारीचा तक्ता भरला तर ४२ च्या ४२ मुलांपुढे ‘कमी’ आलं! क्रमांक ४ ची मुलगी महिन्यात एक दिवसही चुकलेली नाही, तरी तिचे ७४.१९ टक्के दिसतात. ही यादी अशीच गेली असती तर तिच्या आईला कारखान्यातला खाडा करून शाळेत यावं लागलं असतं. काय चुकतंय?

कुर्डुवाडीकर
मॅडम, तुम्ही ३१ ने भागताय. शाळा ३१ दिवस कुठे भरते? भरलेल्या चौकटी मोजा, म्हणजे झालं.

```
=COUNTIF(C4:AG4,"P")/COUNTA(C4:AG4)
```

COUNTA रिकाम्या चौकटी सोडून देतं. मी क्लासच्या मुलांची हजेरी अशीच ठेवतो.

नववी_ब_पूर्वभाग
करून बघितलं, आकडा तोच येतोय. क्रमांक ४ ला पुन्हा ७४.१९.

कुर्डुवाडीकर
सुट्टीच्या चौकटीत तुम्ही ‘सु’ लिहिलंय ना, तेही मोजलं जातंय. ‘सु’ पुसून चौकटी रिकाम्या ठेवा.

नववी_ब_पूर्वभाग
पुसलं. क्रमांक ४ ला आता १०० टक्के आले, धन्यवाद. यादीही आटोपशीर झाली. पण क्रमांक ९ तिच्यात नाही याचं नवल वाटतंय. तो मुलगा दर आठवड्याला दांड्या मारतो, मला पक्कं माहीत आहे. तरी त्याला ८४.२ टक्के?

जुना_कॅटलॉग
मॅडम, क्रमांक ९ ची ओळ बोट ठेवून मोजा. P किती, A किती आणि रिकाम्या चौकटी किती ते इथे लिहा. शाळा जानेवारीत किती दिवस भरली तेही सांगा.

नववी_ब_पूर्वभाग
P १६, A ३. शाळा २३ दिवस भरली. ४ रविवार, गड्ड्याच्या यात्रेचे आमच्या शाळेने दिलेले ३ दिवस (१३, १४, १५) आणि २६ जानेवारी वगळून २३.
अरे हो, १६ आणि ३ मिळून १९ च होतात. चार दिवस रिकामे आहेत. तो आला नाही म्हणून मी काहीच लिहिलं नाही, A टाकायचं राहून गेलं.

जुना_कॅटलॉग
तेच म्हणायचं होतं. खरा हिशेब १६ भागिले २३, म्हणजे ६९.६ टक्के. COUNTA ने मात्र १६ ला १९ ने भागलं आणि ८४.२ दाखवले. आधी शिक्षा भरवशाच्या मुलीला होत होती, आता सूट दांडीबहाद्दराला मिळतेय. दोन्ही वेळी P ची मोजणी बरोबर होती. चुकला तो खालचा आकडा.

मी बार्शी तालुक्यातल्या शाळांमधून निवृत्त झालो. कागदी कॅटलॉगात आम्ही महिन्याच्या पानावर ‘कामाचे दिवस’ आधी लिहून ठेवायचो आणि मुलांच्या खुणा त्याच्याशी पडताळायचो. तुमच्या तक्त्यात ती जागाच नाही. कामाचे दिवस मुलाच्या ओळीतून काढायचेच नसतात. ते शाळेने ठरवलेले असतात, म्हणून त्यांना स्वतंत्र ओळ द्या.

पहिल्या ओळीत तारखा १ ते ३१, नुसते आकडे. दुसऱ्या ओळीत वार. तिसऱ्या ओळीत शाळा भरली त्या तारखेखाली 1, नाही भरली तर 0. किमान टक्केवारी सूत्रात लिहू नका, AM1 मध्ये 75% टाकून ठेवा. मग AH मध्ये हजर दिवस, AI मध्ये कामाचे दिवस, AJ मध्ये टक्के:

```
AH4:  =COUNTIFS(C4:AG4,"P",$C$3:$AG$3,1)
AI4:  =SUM($C$3:$AG$3)
AJ4:  =IF(AI4=0,"",AH4/AI4)
```

COUNTIFS घेण्याचं कारण आहे. घाईत रविवारच्या चौकटीत P पडला, तर वर 0 असल्यामुळे तो मोजला जात नाही. आणि आता तुम्ही ‘सु’ परत लिहिलंत तरी काही बिघडत नाही. मला ते लिहिलेलंच आवडतं, कागदावर छापल्यावर वाचणाऱ्याला समजतं.

कुर्डुवाडीकर
मान्य, सर. माझ्या क्लासमध्ये मी A न चुकता टाकतो म्हणून मला कधी जाणवलं नसावं. आज जुने महिने उघडून बघतो.

घरकुल_पालक
मी विडी घरकुलात राहतो. माझी मुलगी बारावीला आहे. टायफॉइडमुळे महिनाभर घरी होती. कॉलेजात ६८ टक्के सांगतात आणि परीक्षेला अडचण येईल म्हणतात. या सूत्रात आजारपणाचे दिवस वजा करता येतात का? कुणीतरी सांगा, घरात सगळ्यांना काळजी लागलीय.

जुना_कॅटलॉग
दादा, आजारपणाचे दिवस सूत्रातून वजा करायचे नसतात. शाळा भरली होती, मुलगी नव्हती, नोंद तशीच राहते. डॉक्टरांचा दाखला जोडून प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कमी हजेरी क्षमापित करण्याचा विचार त्या अर्जावर होतो, तक्त्यात नाही.
मात्र एक करा. ६८ टक्के एवढ्यावर थांबू नका. हजर दिवस किती आणि कामाचे दिवस किती, हे दोन्ही आकडे मागून घ्या. या मॅडमच्या तक्त्यात काय झालं ते वर वाचलंत ना? तिथेही तसंच काही झालेलं असू शकतं, नसूही शकतं. टक्क्यावरून ते ओळखता येत नाही, दोन आकड्यांवरून येतं.

घरकुल_पालक
बरं सर. सोमवारी जातो.

नववी_ब_पूर्वभाग
सर, तुमची तीन सूत्रं टाकली. पहिल्या मुलाचा आकडा बरोबर आला, पण खाली ओढल्यावर बाकी सगळ्यांचे हजर दिवस शून्य झाले.

जुना_कॅटलॉग
डॉलरची चिन्हं गळाली असणार. पाचव्या ओळीतलं AH5 उघडून बघा, त्यात तिसऱ्या ओळीच्या जागी चौथी ओळ आली असेल.

नववी_ब_पूर्वभाग
हो, C4:AG4 झालंय. हाताने टाइप करताना $ सोडून दिले होते.

जुना_कॅटलॉग
मग सूत्र खाली ओढताना सगळे पत्ते एकेक ओळ खाली सरकले. दुसरा मुलगा स्वतःच्या वरच्या मुलाच्या ओळीत ‘1’ शोधत बसला. तिथे P आणि A आहेत, 1 कुठून सापडणार? $ लावलं की तिसरी ओळ जागची हलत नाही. मुलाच्या स्वतःच्या ओळीला मात्र $ लावायचं नाही, ती सरकायलाच हवी.

नववी_ब_पूर्वभाग
जमलं! क्रमांक ४ ला १००, क्रमांक ९ ला ६९.६.
अजून एक अडचण. क्रमांक ४२ चा मुलगा १६ जानेवारीला दाखल झाला. आल्यापासून ११ दिवस हजर आहे, पण टक्के ४७.८ दाखवतंय.

जुना_कॅटलॉग
तो पटावर नव्हता त्या दिवसांची गैरहजेरी त्याच्या नावावर टाकता येत नाही. १६ तारखेपासून तुमच्या शाळेचे कामाचे दिवस १३ होतात. १६ आणि १७ हे दोन, १९ ते २४ हे सहा, २७ ते ३१ हे पाच. ११ भागिले १३, म्हणजे ८४.६ टक्के.

AL हा रकाना ‘दाखल तारीख’ म्हणून घ्या आणि महिन्याच्या मध्येच आलेल्या मुलापुढेच नुसता आकडा टाका, इथे 16. बाकीच्यांचा रिकामा राहू दे. AI मधलं सूत्र सगळ्यांसाठी असं करा:

```
=SUMIFS($C$3:$AG$3,$C$1:$AG$1,">="&N(AL4))
```

रिकाम्या चौकटीला N शून्य धरतं, त्यामुळे बाकीच्यांना पूर्ण २३ दिवस मिळतात. पुढच्या महिन्याचं पान करताना AL पुसायला विसरू नका, नाहीतर फेब्रुवारीतही तो मुलगा १६ पासूनच मोजला जाईल.

माळावरची_शाळा
मी करमाळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. ऊसतोडीच्या हंगामात आमची मुलं आईबापाबरोबर फडावर जातात, काही मार्चपर्यंत परत येत नाहीत. मला ७५ टक्क्यांची खूण महिनाअखेरीला मिळून उपयोग नाही. तोवर कुटुंब कधीच निघून गेलेलं असतं. सलग चार-पाच दिवस मूल दिसलं नाही की लगेच कळायला हवं, म्हणजे आजी-आजोबांकडे ठेवा म्हणून सांगायला घरी जाता येतं. या तक्त्यात तसं काही होतं का?

जुना_कॅटलॉग
सर, तुमचा प्रश्न टक्क्याचा नाही, सलगतेचा आहे. महिन्यात पाच दिवस अधूनमधून चुकलेलं मूल आणि सलग पाच दिवस चुकलेलं मूल, टक्क्यात दोन्ही सारखीच दिसतात. मधल्या सुट्ट्या ओलांडून सलग A मोजायचे म्हटलं तर सूत्र लांबलचक होतं, माझ्याकडे सुटसुटीत असं नाही.

कुर्डुवाडीकर
सर, आज संपलेल्या आठवड्याच्या सहा चौकटींतले A मोजले तर? COUNTIF ने शनिवारी एकदा बघायचं.

माळावरची_शाळा
त्यात गुरुवारपासून पुढच्या बुधवारपर्यंत गेलेलं मूल दोन आठवड्यांत विभागलं जातं आणि दोन्हीकडे तीन-तीनच दिसतं. तरी काहीच नसण्यापेक्षा बरं, करून बघतो. कुणाला जास्त चांगलं सुचलं तर लिहा.

नववी_ब_पूर्वभाग
सर, शेऱ्याचं सूत्र आधीचंच ठेवू का?

जुना_कॅटलॉग
नको, बदला. क्रमांक ९ सारखी ओळ पुन्हा निसटू नये म्हणून शेऱ्याने आधी नोंद पुरी आहे का ते बघावं आणि मगच ‘कमी’ म्हणावं.

```
=IF(AH4+COUNTIFS(C4:AG4,"A",$C$3:$AG$3,1)<>AI4,"नोंद तपासा",
 IF(AH4<$AM$1*AI4,"कमी",""))
```

P आणि A ची बेरीज कामाच्या दिवसांइतकी नसेल तर ‘नोंद तपासा’. बेरीज जुळली तरच टक्क्याचा विचार. ज्या मुलाची नोंदच अर्धवट आहे त्याला कमी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, पुरेशी म्हणण्याचाही नाही.

आयटी_जुळे_सोलापूर
एक विचारू? AJ मध्ये टक्के तयार आहेत, तरी सरांनी तुलना AH4<$AM$1*AI4 अशी का केली? AJ4<$AM$1 लहान झालं असतं.

जुना_कॅटलॉग
गणिताने दोन्ही एकच. पण AJ दिसला की लोकांना तो ROUND मध्ये घालून पूर्णांक करायचा मोह होतो आणि मग तुलना गोल केलेल्या आकड्याशी होते. माझ्या हाताखाली एका वर्षी हेच झालं होतं. जून ते जानेवारी कामाचे दिवस १६५. एक मुलगा १२३ दिवस हजर. १२३ भागिले १६५ म्हणजे ७४.५५, गोल केलं की ७५. तक्त्याने त्याला मोकळं सोडलं. १६५ चे ७५ टक्के १२३.७५ होतात, म्हणजे १२४ दिवस हवेत. एक दिवस कमी होता आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. दिवसांची दिवसांशी तुलना केली की हा प्रश्नच उरत नाही. AJ ला दशांशाचं एक घर दाखवायला सांगा, म्हणजे ‘७५ दिसतंय तरी कमी का’ असं कुणी विचारणार नाही.

आयटी_जुळे_सोलापूर
पटलं. माझ्याकडूनही एक भर. ‘नोंद तपासा’ आलं आणि ओळ भरलेली दिसत असेल, तर P च्या मागे मोकळी जागा आहे का बघा. मोबाईलवरून भरताना कीबोर्डने सुचवलेलं अक्षर दाबलं की मागे एक जागा पडते. डोळ्याला P दिसतो, पण COUNTIFS च्या लेखी तो वेगळा शब्द असतो. लहान p चालतो, मराठी प चालत नाही. Data validation मध्ये C4:AG45 ला P, A, सु एवढ्याच तीन नोंदींची यादी लावली की हे आधीच अडतं.

रंगासाठी Conditional formatting मध्ये A4:AK45 निवडून हे सूत्र द्या, पूर्ण ओळ रंगेल:

```
=$AK4="कमी"
```

नववी_ब_पूर्वभाग
तुमच्यामुळे दोन ओळी सापडल्या. मी त्या दोन दिवशी बसमधून फोनवर हजेरी भरली होती, चौकटींत ‘P ’ असं पडलंय.

आता मुख्याध्यापक म्हणतात की जून ते जानेवारी मिळून एकच टक्केवारी द्या. आठ महिन्यांच्या टक्क्यांची सरासरी काढली तर चालेल ना?

कुर्डुवाडीकर
AVERAGE लावा, सरळ आहे.

जुना_कॅटलॉग
इथे मी अडवतो. तुमच्या शाळेचे जूनमध्ये किती दिवस भरले होते?

नववी_ब_पूर्वभाग
१२. शाळा महिन्याच्या मध्यावर सुरू झाली.

जुना_कॅटलॉग
समजा एक मुलगी जूनमध्ये बाराही दिवस आली, १०० टक्के. जानेवारीत २३ पैकी १२ दिवस आली, ५२.२ टक्के. सरासरी ७६.१ येते, म्हणजे खूण नाही. प्रत्यक्षात ती ३५ पैकी २४ दिवस आलीय, ६८.६ टक्के. जूनचे १२ दिवस आणि जानेवारीचे २३ दिवस सरासरीत एकाच वजनाचे धरले गेले. म्हणून एकूण पानावर टक्के आणूच नका. प्रत्येक महिन्याचे AH आणि AI हेच दोन आकडे आणा, हजर दिवसांची एक बेरीज, कामाच्या दिवसांची दुसरी, आणि भागाकार अगदी शेवटी एकदाच.

आणि आकडे आणताना ओळीवर विसंबू नका. मध्येच कुणी दाखला काढून नेला आणि ती ओळ काढून टाकली, की खालच्या सगळ्या मुलांचे महिने एकमेकांत सरकतात. हजेरी क्रमांकही बदलतो. जनरल रजिस्टरचा नंबर बदलत नाही, तो एका रकान्यात ठेवा आणि त्यावरून SUMIF ने आकडे उचला.

कुर्डुवाडीकर
सरासरीचं हे माझ्याही डोक्यात नव्हतं. मी तर पालकांना सहामाही पत्रात तीच देत आलोय.

पेठेतला_शिक्षक
मॅडम, एक मूलभूत प्रश्न. तुम्ही २६ जानेवारी कामाचा दिवस का धरला नाही? आमच्याकडे साखर पेठेतल्या शाळेत झेंडावंदनाची हजेरी घेतात आणि ती धरतात. मुलं सकाळी गणवेशात येतात, कवायत करतात.

नववी_ब_पूर्वभाग
आमच्याकडे ती सुट्टी म्हणूनच लिहिली जाते. हजेरी वेगळ्या कागदावर घेतो. एका दिवसाने एवढा काय फरक पडणार?

पेठेतला_शिक्षक
पडतो, म्हणूनच विचारतोय. २३ पैकी १७ दिवस आलेलं कुणी आहे का?

नववी_ब_पूर्वभाग
आहे. क्रमांक ३१. तो झेंडावंदनालाही आला होता.

पेठेतला_शिक्षक
मग करून बघा. १७ भागिले २३ म्हणजे ७३.९, त्याच्यापुढे ‘कमी’. तिसऱ्या ओळीत २६ खाली 1 केलंत आणि त्याला P दिलात, तर १८ भागिले २४, बरोब्बर ७५.

नववी_ब_पूर्वभाग
केलं. सगळ्यांची २६ ची नोंद त्या कागदावरून भरली आणि क्रमांक ३१ ची खूण खरंच गेली. आता मलाच कळेना कोणतं बरोबर.

आयटी_जुळे_सोलापूर
सूत्रात < आहे म्हणून गेली. कुणी <= लिहिलं असतं तर बरोब्बर ७५ वालाही कमी ठरला असता. नियम ‘किमान ७५’ असा असेल तर < च हवं.

जुना_कॅटलॉग
२६ चं मला विचाराल तर मी धरत असे, मूल शाळेत आलं होतं हे खरं आहे. पण माझ्या मताने चालणार नाही. मुख्याध्यापकांनी ठरवावं आणि सगळ्या वर्गांना एकच लागू व्हावं. नववी ब ला २४ आणि नववी अ ला २३ असं झालं तर त्या मुलाच्या वडिलांना काय उत्तर देणार?

पेठेतला_शिक्षक
मला तर वाटतं धरायलाच हवं, यात ठरवण्यासारखं काही नाही. १५ ऑगस्टलाही तसंच.

नववी_ब_पूर्वभाग
उद्या मुख्याध्यापकांशी बोलते. ते सांगेपर्यंत २६ खाली 0 च ठेवलाय.
आत्ताचा तक्ता असा आहे. ‘नोंद तपासा’ एकाही ओळीत उरलेलं नाही. ‘कमी’ पाच जणांपुढे, त्यात क्रमांक ९ आणि तूर्त क्रमांक ३१. क्रमांक ९ चे रिकामे चार दिवस मी वर्गातल्या कागदी कॅटलॉगशी ताडून बघितले. तीन दिवस तो खरंच नव्हता. चौथ्या दिवशी, १९ तारखेला, कॅटलॉगात तो हजर आहे, माझ्याच हातची खूण आहे. त्याचे १७ झाले. म्हणजे २६ चा निर्णय आता दोन मुलांसाठी आहे, कारण झेंडावंदनाच्या कागदावर त्याचंही नाव आहे.